हेअर ड्रायर आणि दाढीचा ट्रिमर घेताना: वॅट, उष्णता आणि पात्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ड्रायरच्या खोक्यावर २००० वॅट लिहिलंय. म्हणजे मोटर दणकट आहे का?

नाही. हा आकडा जवळजवळ सगळा तापणाऱ्या तारेचा असतो. ड्रायरच्या नळीत अभ्रकाच्या पातळ पट्ट्यांवर निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूची, म्हणजे नायक्रोमची तार गुंडाळलेली असते आणि वीज खाते ती तार. पंखा फिरवणारी मोटर त्यातला अगदी छोटा हिस्सा घेते. त्यामुळे २००० वॅटचा ड्रायर १६०० वॅटच्या ड्रायरपेक्षा जास्त तापवू शकेल एवढंच खात्रीने म्हणता येतं. तो जास्त हवा फेकेल, लवकर वाळवेल किंवा जास्त टिकेल, यातलं काहीच वॅटवरून कळत नाही.

तरीही सगळे ब्रँड वॅटच मोठ्या अक्षरात छापतात, कारण तो आकडा सरळ आहे आणि मोठा दिसतो. खरेदी करणाऱ्याने बघायची गोष्ट वेगळी आहे: एवढी उष्णता किती हवेत वाटली जाते.

हे वाटप कसं काढायचं? त्याचा उपयोग काय?

एक लिटर हवा एक अंशाने तापवायला साधारण १.२ ज्यूल लागतात आणि वॅट म्हणजे सेकंदाला तेवढे ज्यूल. त्यामुळे हिशेब तोंडी करता येतो:

तापमानातली वाढ = वॅट ÷ (१.२ × सेकंदाला किती लिटर हवा)

दोन ड्रायर समोर ठेवू. पहिला २००० वॅटचा, पण पंखा बेताचा, सेकंदाला १५ लिटर हवा. वाढ आली सुमारे १११ अंश. खोलीत २५ अंश असतील तर तोंडाशी हवा १३५ अंशांच्या आसपास. दुसरा १६०० वॅटचा, पण सेकंदाला २२ लिटर हवा फेकणारा. वाढ सुमारे ६१ अंश, म्हणजे तोंडाशी ८५ अंशांच्या जवळपास. वॅटचा आकडा छोटा असलेला हा दुसरा ड्रायर मी बिनदिक्कत निवडेन. केस वाळतात ते पाण्याची वाफ होऊन आणि ती वाफ केसांपासून दूर नेली जाऊन. दमट हवेचा थर केसांभोवती तसाच राहिला तर नुसती उष्णता वाढवून केस भाजतात, वाळणं मात्र रेंगाळतं.

हा हिशेब अगदी अचूक नाही. थोडी उष्णता नळीच्या भिंतीत जाते आणि तापमान वाढलं की आतलं थर्मोस्टॅट तार अधूनमधून बंद करतं. पण दोन यंत्रांची तुलना करायला तो पुरेसा आहे.

हवेचा आकडा कुठे लिहिलेला असतो?

खोक्यावर क्वचित, माहितीपत्रकात किंवा कंपनीच्या पानावर जास्त वेळा. पार्लक्ससारखे सलूनसाठी ड्रायर बनवणारे ब्रँड तो ताशी घनमीटरमध्ये देतात. त्याला ३.६ ने भागलं की सेकंदाला लिटर मिळतात. ७२ घनमीटर म्हणजे २० लिटर.

काही कंपन्या हवेचं प्रमाण सांगत नाहीत, वेग सांगतात: ताशी इतके किलोमीटर. वेग तोंड अरुंद करूनही वाढवता येतो, त्यामुळे त्या आकड्यावरून निर्णय घेऊ नका. मोटरच्या फेऱ्यांचंही तसंच. २०१६ साली आलेल्या डायसनच्या ड्रायरची मोटर मिनिटाला १,१०,००० फेरे घेते, पण तिचा पंखा इतका छोटा आहे की ती मुठीत बसते. एवढ्या छोट्या पंख्याला पुरेशी हवा ढकलायची तर तितकं वेगात फिरावंच लागतं. मोठा पंखा कमी फेऱ्यांतही तितकीच हवा देऊ शकतो.

हवेचा कुठलाच आकडा मिळाला नाही तर ड्रायर हातात घेऊन बघा. थंड हवेवर, पूर्ण वेगावर चालू करा आणि हात लांब करून तळव्यावर झोत घ्या. हात मागे नेत जा. चांगल्या पंख्याचा झोत हातभर अंतरावरही एकसंध लागतो, कमजोर पंख्याचा विस्कटतो. गरम हवेवर ही परीक्षा करू नका, कारण ऊब लागली की हवा जोरात आहे असा भास होतो.

मोटर डीसी घ्यावी, एसी की ब्रशलेस?

घरात एकदोघं वापरणार असतील तर साधी डीसी मोटर चालते. ती हलकी असते, स्वस्त असते आणि कार्बनचे ब्रश झिजेपर्यंत साधारण काहीशे तास चालते. रोज दहा मिनिटं ड्रायर वापरला तर वर्षाचे तास होतात जेमतेम ६१. म्हणजे ठीकठाक बनवलेली डीसी मोटर घरात काही वर्षं सहज काढते. एसी मोटर जड असते आणि दिवसभर चालण्यासाठी असते. म्हणून ती सलूनच्या यंत्रांत दिसते आणि ती ठेवायला नळी मागे लांब, जाड करावी लागते. घरच्या माणसाने हे वजन रोज डोक्यावर धरण्यात मला फारसा अर्थ वाटत नाही. लांब, दाट केस असतील आणि दर वेळी वीसेक मिनिटं लागत असतील तर गोष्ट वेगळी.

ब्रशलेस मोटरमध्ये झिजायला ब्रशच नसतात आणि वेग इलेक्ट्रॉनिक सर्किट सांभाळतं. डायसन, लायफेन यांनी ही मोटर मुठीत ठेवली, त्यामुळे वजन हातात येतं आणि मनगटाला कमी शीण होतो. माझ्या मते तिचा खरा फायदा हा आहे. मात्र सर्किट बिघडलं तर शेजारच्या दुरुस्तीवाल्याकडे इलाज नसतो, म्हणून अशा यंत्राची वॉरंटी किती आणि सेवा कोण देणार हे आधी बघा.

हीट सेटिंग किती असाव्यात? दोन, तीन की सहा?

आकड्यापेक्षा बटणं बघा. उष्णतेचं बटण आणि वेगाचं बटण वेगवेगळं आहे का? एकच सरकतं बटण असेल तर बहुधा १ वर कमी हवा आणि कमी उष्णता, २ वर जास्त हवा आणि जास्त उष्णता, असं जोडीनेच मिळतं. रोजच्या वापरात सर्वात उपयोगी जोडी आहे भरपूर हवा आणि मध्यम उष्णता. एकाच बटणावर नेमकी तीच मिळत नाही. मी तर हा मुद्दा वॅटच्याही आधी ठेवतो.

वरचाच हिशेब लावून बघा. १६०० वॅटचा ड्रायर मधल्या सेटिंगवर समजा ८०० वॅट घेतो आणि हवा तीच २२ लिटर. वाढ झाली ३० अंश, म्हणजे तोंडाशी ५५ अंश. ही हवा डोक्यावर चटका न देता हवी तितकी वेळ धरता येते.

काही साध्या ड्रायरमध्ये मधली उष्णता एका डायोडने मिळते. तो विजेच्या लाटेचा अर्धा भाग अडवतो आणि तार निम्मी तापते. यात गैर काही नाही, फक्त तापमान नेमकं सांभाळलं जात नाही. महागड्या यंत्रांत हवेच्या वाटेवर तापमान मोजणारा सेन्सर असतो आणि तो तारेची वीज सतत कमीजास्त करतो. केस रंगवलेले, सरळ केलेले किंवा बारीक आणि तुटके असतील तर त्या सेन्सरला पैसे मोजावेत. नाहीतर अंतर हा तितकाच चांगला नियंत्रक आहे.

म्हणजे किती अंतर?

२०११ साली दक्षिण कोरियात झालेल्या एका प्रयोगात केसांच्या बटा वारंवार धुऊन वेगवेगळ्या अंतरांवरून वाळवल्या. ड्रायर १५ सेंटिमीटरवर असताना केसांशी तापमान ४७ अंश, १० सेंटिमीटरवर ६१ अंश आणि ५ सेंटिमीटरवर ९५ अंश होतं. जितकं जवळ तितकी केसाच्या बाहेरच्या खवल्यांची हानी जास्त, हे अपेक्षितच होतं. लक्ष वेधणारी बाब दुसरी होती: नुसते हवेवर वाळू दिलेल्या केसांत खवल्यांना जोडणाऱ्या आतल्या थराची हानी दिसली, कारण ते फार वेळ ओले, फुगलेले राहिले. प्रयोग करणाऱ्यांचा निष्कर्ष असा की १५ सेंटिमीटरवरून ड्रायर सतत हलता ठेवला तर ते नैसर्गिक वाळवण्यापेक्षा कमी अपायकारक ठरतं.

पंधरा सेंटिमीटर म्हणजे अंदाजे वीतभरापेक्षा थोडं कमी. ओल्याचिंब केसांवर पूर्ण उष्णता जवळून मारू नका. केसाच्या आतलं पाणी उकळून तिथे बारीक बुडबुडे होतात आणि केस त्या जागी तुटतो. आधी टॉवेलने टिपून घ्या. एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला जवळपास २४०० ज्यूल लागतात, म्हणून टॉवेलने टिपलेला प्रत्येक थेंब ड्रायरचं काम कमी करतो.

‘कूल’ बटण दाबूनही हवा किंचित कोमट येते. ड्रायर बिघडलाय का?

बहुधा नाही. साध्या डीसी मोटरला कमी व्होल्टेज लागतं आणि ते मिळवायला तापणाऱ्या तारेचाच एक छोटा तुकडा तिच्या वाटेत जोडलेला असतो. तो थोडा तापतोच. एसी आणि ब्रशलेस मोटरच्या यंत्रांत ही अडचण नसते.

आयनिक, सिरॅमिक, टुर्मलिन यांचं काय?

आयन सोडणारी सोय केसांवरचा स्थिर विद्युतभार कमी करते, त्यामुळे कोरड्या हवेत केस कमी उडतात. वाळण्याचा वेळ त्याने घटतो यावर मी खरेदी ठरवणार नाही. सिरॅमिक किंवा टुर्मलिन हा बहुधा जाळीवरचा किंवा आतल्या भागावरचा लेप असतो. बाकी सगळं समान असेल तरच या गोष्टींकडे वळा.

चालू असताना ड्रायर अचानक बंद पडतो आणि थोड्या वेळाने आपोआप सुरू होतो. का?

थर्मोस्टॅट आपलं काम करतंय. मागची जाळी उजेडाकडे धरून बघा. धूळ आणि केसांचा करडा थर दिसेल. हवा आत येणं कमी झालं की तीच उष्णता थोड्या हवेत वाटली जाते, तापमान चढतं आणि दोन धातूंची पट्टी वाकून वीज तोडते. प्लग काढून, जाळी सुटी करून मऊ ब्रशने साफ करा. साफ करूनही तसंच होत असेल, मोटरचा आवाज खोल गेला असेल किंवा जळका वास येत असेल, तर पंखाच मंद फिरतोय आणि तो ड्रायर वापरू नये. म्हणून विकत घेतानाच मागची जाळी हाताने निघते का ते बघा.

वेगळ्या व्होल्टेजच्या देशात नेला तर?

उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे व्होल्टेज निम्मं झालं की उष्णता चौथा हिस्साच उरते. २३० व्होल्टचा २००० वॅटचा ड्रायर १२० व्होल्टवर जेमतेम ५४५ वॅट देतो. उलट १२० व्होल्टचा ड्रायर २३० वर लावला तर साडेतीन पटींहून जास्त वीज ओढून जळतो. यंत्रावर दोन्ही व्होल्टेज लिहिलेली असतील तरच न्या. ट्रिमरच्या चार्जरवर बहुधा १००–२४० व्होल्ट असतं, तिथे हा प्रश्न येत नाही.

ट्रिमरवर वॅट का लिहीत नाहीत? त्याची ताकद कशी ओळखायची?

बॅटरीवरच्या ट्रिमरची मोटर काही वॅटचीच असते, त्यामुळे तो आकडा छापण्यात कुणाला रस नाही. कंपन्या मिनिटाचे फेरे किंवा पात्याच्या हालचाली सांगतात. बहुतेक फिरत्या मोटरचे ट्रिमर पाच ते सात हजारांच्या आसपास असतात. पॅनासॉनिकच्या काही यंत्रांत लिनिअर मोटर आहे, जी गोल न फिरता थेट पुढे-मागे सरकते आणि दहा हजारांच्या घरात जाते. वॉल या ब्रँडची वायरवर चालणारी चुंबकी क्लिपर विजेच्या लाटेवरच हलतात: ६० हर्ट्झच्या विजेवर मिनिटाला ७२००, ५० हर्ट्झवर ६०००.

पण मोकळ्या हवेतला वेग हा अर्धाच भाग. दाट दाढीत शिरल्यावर तो वेग टिकतो का, ते महत्त्वाचं. पातं मंदावलं की ते केस तोडण्याऐवजी धरून ओढतं. दुकानात दाढी करून बघता येत नाही, पण नंतर घरी कान लावून ऐका: हनुवटीखालच्या दाट भागात शिरताच आवाज खाली उतरत असेल तर मोटरला किंवा बॅटरीला तो भार झेपत नाही.

इथेच बॅटरीचा प्रकार आड येतो. निकेल-मेटल हायड्राइड बॅटरीचा प्रत्येक सेल १.२ व्होल्टचा आणि चार्ज उतरत गेला की पात्याचा वेगही उतरतो. लिथियम-आयनचा सेल साधारण ३.६ व्होल्टचा असतो आणि शेवटच्या थोड्या भागापर्यंत व्होल्टेज बरंच टिकवतो. राठ दाढी असणाऱ्याने लिथियम-आयनच घ्यावी.

पातं टायटॅनियमचं घ्यावं, सिरॅमिकचं की स्टीलचं?

‘टायटॅनियमचं पातं’ म्हणजे जवळजवळ नेहमी स्टीलचं पातं असतं, ज्यावर टायटॅनियम नायट्राइडचा काही मायक्रॉन जाडीचा सोनेरी मुलामा असतो. हा मुलामा कठीण आहे, घर्षण आणि गंज कमी करतो. पण धार शेवटी खालच्या स्टीलची आणि ते घासून काढणाऱ्या कारागिरीची. स्टील मऊ असेल तर सोनेरी रंग ती उणीव भरून काढत नाही. काळ्या पात्यांवर बऱ्याचदा हिऱ्यासारख्या कार्बनचा लेप असतो, त्यालाही हेच लागू.

साधं स्टेनलेस स्टील चांगलं घडवलेलं असेल तर दाढीसाठी उत्तम आहे. त्यात कार्बन जास्त असेल तर धार जास्त टिकते. ज्यांच्यात क्रोमियम कमी असतं ती कार्बन स्टीलची पाती अधिक तीक्ष्ण करता येतात, पण ओली ठेवली की गंजतात.

सिरॅमिक म्हणजे झिर्कोनिया. ते स्टीलपेक्षा कठीण असतं, गंजत नाही आणि हलताना कमी तापतं. ट्रिमरमध्ये बहुधा फक्त हलणारं पातं सिरॅमिकचं असतं, त्वचेला टेकणारं स्टीलचंच राहतं. एक मोठा तोटा: ते ठिसूळ असतं. बेसिनमध्ये पडलं तर एखादा दात उडतो आणि त्या फटीत केस अडकून ओढला जातो. ट्रिमर वारंवार हातातून सुटत असेल किंवा प्रवासात पिशवीत फिरत असेल तर स्टीलच बरं.

कठीण धातूची धार मऊ केसाने कशी जाते, हा प्रश्न रास्त आहे. एमआयटीच्या संशोधकांनी २०२० साली रेझरच्या पात्यांवर दाखवलं की केस वाकून तिरका लागला की धारेचे सूक्ष्म तुकडे उडतात, विशेषतः जिथे स्टीलची रचना सगळीकडे सारखी नसते. प्रयोग ट्रिमरवर नव्हता, पण लेपापेक्षा खालच्या स्टीलचा सारखेपणा महत्त्वाचा हे त्यातून नीट कळतं.

‘आपोआप धार लागणारी पाती’ हे खरं असतं का?

दोन पाती एकमेकांवर घासून थोडी धार राखतात, हे खरं आहे. फिलिप्सच्या अनेक ट्रिमरना म्हणून तेल लागत नाही असं कंपनी सांगते आणि तिथे तिचंच ऐका. पण घासणं म्हणजे झिजणंही. कधीतरी पातं बदलावं लागतंच.

नवा असताना छान चालणारा ट्रिमर आता दाढी ओढतो. पातं बोथट झालं का?

लगेच पातं बदलू नका, कारण बोथटपणा हे शेवटचं कारण असतं. आधी पूर्ण चार्ज करा आणि त्याच जागी पुन्हा फिरवून बघा. ओढणं थांबलं तर बॅटरी थकली आहे, पात्याचा दोष नाही.

तरीही ओढत असेल तर डोकं काढून उलटं करा आणि ब्रशने आतला चुरा काढा. त्वचेचं तेल आणि केसांची पूड मिळून दातांच्या मुळाशी पांढरट थर बसतो. त्यामुळे वरचं पातं खालच्यापासून केसभर उचललं जातं. ट्रिमर कात्रीसारखा कापतो: दोन सपाट पृष्ठभाग एकमेकांना घट्ट चिकटून सरकले तरच. फट पडली की केस मध्ये दुमडतो.

मग कंपनीने तेल सांगितलं असेल तर दातांवर दोन ठिकाणी एकेक थेंब टाका, दहा सेकंद चालवा आणि पुसा. यंत्राबरोबर आलेलं हलकं खनिज तेल वापरा. खोबरेल तेल नको, ते थंडीत गोठतं आणि कालांतराने चिकट होतं. आवाज मोकळा, उंच झाला तर घर्षणच कारण होतं.

शेवटी भिंग घेऊन दात तपासा. एखादा दात तुटका किंवा वाकलेला दिसला, किंवा स्प्रिंग सैल वाटली, तरच पातं बदला.

नळाखाली धुता येतो का?

यंत्रावर आयपीएक्स ७ लिहिलं असेल तर एक मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं टिकण्याची चाचणी झालेली असते. आयपीएक्स ५ असेल तर झोत चालतो, बुडवणं नाही. काहीच लिहिलं नसेल तर फक्त सुटं केलेलं डोकं धुवा. चार्जर लावलेला असताना मात्र पाण्याजवळ नेऊ नका. धुतल्यावर डोकं वेगळं ठेवूनच वाळवा, नाहीतर दातांच्या मुळाशी गंजाचे ठिपके येतात.

दोन्ही वस्तू एकाच ब्रँडच्या घ्याव्यात का?

तशी गरज नाही. चांगला पंखा बनवणं आणि चांगलं पातं घासणं ही वेगळी कौशल्यं आहेत. एका ब्रँडचं दोन्हींत सारखं चांगलं असेलच असं नाही. ट्रिमरच्या बाबतीत मी ब्रँडपेक्षा आधी हे तपासतो की त्याच मॉडेलचं सुटं पातं विकत मिळतं का आणि त्याची किंमत नव्या ट्रिमरच्या मानाने किती. ब्राउन, फिलिप्स, पॅनासॉनिक, वॉल यांच्या बऱ्याच यंत्रांची पाती मिळतात, पण प्रत्येक मॉडेलची नाही. पात्याचा क्रमांक माहितीपत्रकात असतो. तो खरेदीआधीच शोधून बघा, आणि मिळाला नाही तर दुसरं मॉडेल घ्या.